खात्यात पैसे आहेत, तरी दुकानात कार्ड नाकारलं: मर्यादा, स्विच आणि पिनचा घोळ

प्रश्न: गेल्या आठवड्यात नवीन डेबिट कार्ड आलं. काल फ्रिज घ्यायला गेलो, बिल ₹४६,५००. खात्यात ₹१,१२,००० होते. सकाळी याच कार्डाने ₹६,२०० चा किराणा घेतला, तेव्हा व्यवस्थित चाललं. फ्रिजच्या दुकानात कार्ड मशीनमध्ये घालून पिन टाकला तर नाकारलं, चिठ्ठीवर 61 होतं. मग दुकानदाराने टॅप करून पाहिलं, तेही नाही. परत कार्ड घालून पिन टाकला तर तीनदा चुकीचा पिन म्हणालं. शेवटी त्यांनी मोबाइलवर पेमेंटची लिंक पाठवली, तिथेही कार्ड नाकारलं. पैसे असताना असं का? आणि आता काय करू?

उत्तर:

तुमचं कार्ड खराब नाही आणि खातंही गोठवलेलं दिसत नाही. एका कारणाने कार्ड सगळीकडे नाकारलं असं तुम्हाला वाटतंय, पण तुमच्या वर्णनावरून इथे चार वेगवेगळी कारणं एकापाठोपाठ आली आहेत. पहिल्यांदा दिवसाची मर्यादा ओलांडली गेली. टॅप चाललं नाही, कारण नव्या कार्डावर ती सोय बंद असते. मग तीनदा चुकीचा पिन गेला आणि पिन अडकला. लिंकवर अडलं ते ऑनलाइन वापर बंद असल्यामुळे. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून एकेक नीट पाहू.

आधी मशीनमध्ये नेमकं काय घडतं ते. दुकानदाराचं मशीन स्वतः फारसं काही ठरवत नाही. ते तुमच्या कार्डाची माहिती, रक्कम आणि सांकेतिक रूपातला पिन दुकानदाराच्या बँकेकडे पाठवतं. तिथून तो निरोप रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जातो. तुमची बँक काही प्रश्न तपासते. कार्ड चालू आहे का? या प्रकारच्या वापराला ग्राहकाने परवानगी दिली आहे का? पिन जुळतो का? आजची मर्यादा शिल्लक आहे का? आणि खात्यात पैसे आहेत का? खात्यातली शिल्लक हा या पाचांपैकी फक्त एक प्रश्न. बाकी चारांपैकी कशालाही ‘नाही’ उत्तर आलं तरी कार्ड नाकारलं जातं, खात्यात लाखभर रुपये असले तरी.

उत्तर परत येतं ते दोन आकडी संकेताच्या रूपात. मशीनच्या पडद्यावर बहुतेक वेळा नुसतं DECLINED दिसतं आणि सगळा गोंधळ त्यातून होतो, कारण त्या एका शब्दामागे वीस कारणं असू शकतात. चिठ्ठीवर मात्र हा आकडा अनेकदा छापलेला असतो. 51 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 61 म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. 65 म्हणजे किती वेळा वापरायचं याची मर्यादा ओलांडली. 55 म्हणजे पिन चुकला, 75 म्हणजे पिन चुकवण्याच्या संधी संपल्या. 57 म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करायची परवानगी नाही. तुमच्या चिठ्ठीवर 61 आहे, 51 नाही. म्हणजे पैसे नाहीत असं बँकेने म्हटलेलंच नाही. ही चिठ्ठी फेकू नका. नाकारलेल्या व्यवहाराची चिठ्ठी दुकानदार सहसा स्वतःहून देत नाही, तर ती मागून घ्यायची. नंतर बँकेशी बोलताना त्या दोन आकड्यांनी अर्धा तास वाचतो.

आता मर्यादेचं गणित. डेबिट कार्डाला रोजची एक नाही, निदान दोन मर्यादा असतात: एटीएममधून रोख काढण्याची वेगळी आणि दुकानात व ऑनलाइन खरेदीची वेगळी. अनेक बँकांत दुकान आणि ऑनलाइन यांचेही दोन आकडे असतात. नवीन कार्ड येतं तेव्हा बँकेने स्वतःच ठरवलेला आकडा त्यावर लावलेला असतो, आणि तो कार्डाच्या प्रकारावर अवलंबून असतो. साध्या कार्डाला कमी, वरच्या प्रकाराच्या कार्डाला जास्त. त्याचा तुमच्या शिलकीशी काही संबंध नसतो.

तुमच्या कार्डाची खरेदीची मर्यादा समजा ₹५०,००० आहे. नेमका आकडा ॲपमध्ये दिसेल, पण गणित असंच राहील. सकाळच्या किराण्यात ₹६,२०० वापरले गेले, म्हणून उरले ₹४३,८००. फ्रिजचं बिल ₹४६,५००. दोन हजार सातशे रुपयांनी व्यवहार मर्यादेबाहेर गेला. सकाळी किराणा घेतला नसता तर हेच कार्ड याच दुकानात चाललं असतं. तुम्हाला विचित्र वाटलं ते याचमुळे: सकाळी चाललेलं कार्ड दुपारी का नाकारलं? सकाळी चाललं म्हणूनच दुपारी अडलं.

इथे दुकानदार हमखास एक सल्ला देतात: दोन भाग करू, आधी पंचवीस हजार मारू, मग उरलेले. बँकेने एका व्यवहाराला वेगळी मर्यादा लावली असेल तर याचा उपयोग होतो. दिवसाची मर्यादा संपली असेल तर होत नाही. तुमच्या बाबतीत पहिले पंचवीस हजार गेले असते आणि दुसरा भाग अडकला असता. मग निम्मे पैसे दिलेले, निम्मे राहिलेले आणि फ्रिज दुकानातच, अशी अवघड स्थिती झाली असती. म्हणून भाग करण्याआधी ॲपमध्ये उरलेली मर्यादा पाहावी.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. एखादा व्यवहार तुमच्या बँकेने मंजूर केला, पण त्याचं उत्तर मशीनपर्यंत पोहोचलंच नाही, तर खात्यातून पैसे कापले जातात आणि चिठ्ठी येत नाही. असे पैसे परत येईपर्यंत ते आजच्या मर्यादेतूनही वजा झालेले राहू शकतात. त्यामुळे चिठ्ठी न आलेल्या व्यवहारानंतर लगेच दुसऱ्यांदा कार्ड वापरलं आणि 61 आलं, तर आधी खात्याचा तपशील उघडून पाहा. बहुधा पहिला व्यवहार झालेला असतो.

टॅपची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी एक परिपत्रक काढलं आणि त्यातले नियम त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यानुसार नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर, तेही कार्ड आत घालून, वापरता येईल अशा स्थितीत ग्राहकाला द्यायचं असतं. टॅप, ऑनलाइन खरेदी आणि परदेशातला वापर हे तिन्ही बंद असतात आणि ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. तुमचं कार्ड आठवडाभरापूर्वी आलेलं आहे. जुन्या कार्डावर टॅप चालत होतं म्हणून नव्यावरही चालेल असं गृहीत धरता येत नाही, कारण जुन्या कार्डावरचे स्विच नव्या कार्डावर आपोआप येत नाहीत. चालू स्थितीतलं कार्ड चोरीला गेलं तरी चोराला ऑनलाइन खरेदी करता येऊ नये, असा या नियमामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. त्रास होतो तो फक्त बँका कार्डासोबतच्या पत्रात हे ठळकपणे सांगत नाहीत म्हणून.

टॅप सुरू असतं तरी काल त्याने काम झालं नसतं. १ जानेवारी २०२१ पासून पिन न टाकता टॅप करण्याची मर्यादा एका व्यवहाराला ₹५,००० आहे. त्यावर मशीन पिन मागतंच, आणि दिवसाची मर्यादा तर टॅपलाही तीच. म्हणून 61 आलेलं असताना टॅप करून पाहणं हा उपाय नाही.

आता पिन. तुमच्या वर्णनातली एक बारीक गोष्ट इथे उपयोगी पडते. पहिल्या वेळी 61 आलं, म्हणजे बहुधा तेव्हा पिन बरोबर होता, कारण बँका सहसा पिन आधी तपासतात आणि मर्यादा नंतर. पिन चुकला असता तर 55 आलं असतं. मग पुढे तीनदा चुकीचा का झाला? रांगेत मागे माणसं उभी असतात, दुकानदार घाई करत असतो, आणि बोटं सवयीचा पिन टाकून जातात. हल्ली तो सवयीचा पिन बहुतेक वेळा यूपीआयचा असतो, कारण आपण दिवसातून दहा वेळा तोच टाकतो. यूपीआयचा पिन आणि कार्डाचा पिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्ही एकाच खात्याचे असले तरी. यूपीआयचा पिन सहा आकडी असेल तर चूक लगेच लक्षात येते, चार आकडी असेल तर येत नाही. दुसरी शक्यता जुन्या कार्डाच्या पिनची. नवीन कार्डाला सहसा नवीन पिन तयार करावा लागतो.

तीन वेळा चुकला की बहुतेक बँका त्या कार्डाचा पिन अडवून ठेवतात. मग चौथ्यांदा बरोबर पिन टाकला तरी उत्तर नाहीच येतं, आणि तिथे माणूस खरा गोंधळतो. हाच पिन एटीएमला लागतो, त्यामुळे रोख काढणंही तोवर थांबतं. काही बँकांत हा अडसर दुसऱ्या दिवशी आपोआप उठतो, काही ठिकाणी नवीन पिन केल्याशिवाय उठत नाही. वाट पाहत बसण्यापेक्षा नवीन पिन तयार करणं चांगलं, कारण अंदाजाने पुन्हा तीन चुका झाल्या तर सगळं पहिल्यापासून.

राहिली लिंक. लिंकवर कार्डाचा नंबर टाकणं म्हणजे बँकेच्या दृष्टीने ऑनलाइन खरेदी, मग तुम्ही त्या दुकानाच्या गल्ल्यासमोर उभे का असेनात. मशीनमध्ये चिप वाचली गेली नाही, पिन गेला नाही, म्हणून हा व्यवहार दुसऱ्या खिडकीतून आला असं बँक समजते. ती खिडकी तुमच्या नव्या कार्डावर बंद आहे. इथे पिन अडकल्याचा संबंध नाही, कारण ऑनलाइन खरेदीत पिन नाही, ओटीपी लागतो. तुम्हाला ओटीपी आला होता का, हे आठवून पाहा. ओटीपी यायच्या आधीच नकार आला असेल तर ऑनलाइनचा स्विच बंद असण्याची शक्यता सर्वात जास्त. ओटीपी आला, तो बरोबर टाकला आणि त्यानंतर नकार आला, तर ओळख पटली पण पुढे मर्यादेत अडलं, असं समजावं. बँकेप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो, पण पहिला अंदाज बांधायला ही खूण पुरेशी आहे.

ओटीपीच आला नाही तर दोन गोष्टी पाहायच्या. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आजचाच आहे का? आणि गेल्या चोवीस तासांत सिम बदललं आहे का? सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे कोणी फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये. नवीन फोन घेताना ई-सिम केलं आणि त्याच दिवशी कार्डाने पैसे भरायला गेले, की लोक इथे अडकतात. ओटीपी दुसऱ्यांदा मागवला असेल तर शेवटी आलेलाच टाकायचा. आधीचा उशिरा येऊन वर बसतो आणि माणूस तोच टाकतो.

आता काय करायचं, ते या क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पिन अडकलेला असताना मर्यादा वाढवली तरी दुकानात उपयोग नाही.

सर्वात आधी खात्याचा तपशील उघडून ₹४६,५०० कापले गेलेले नाहीत याची खात्री करा. लिंकवरचा प्रयत्नही त्यात शोधा. मग पिन. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात पिन तयार करण्याचा किंवा बदलण्याचा पर्याय असतो, तो ओटीपीवर चालतो. ॲप नसेल तर स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर कार्ड घालून पिन तयार करण्याचा पर्याय निवडा. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की नवीन पिन ठेवता येतो. यूपीआयच्या पिनपेक्षा तो वेगळा ठेवा.

मग त्याच ॲपमध्ये कार्डाच्या नियंत्रणाचं पान उघडा. प्रत्येक बँक त्याला वेगळं नाव देते, बहुतेक ठिकाणी ‘मॅनेज कार्ड’ किंवा ‘कार्ड कंट्रोल’ अशा अर्थाचं. तिथे भारतातला वापर आणि परदेशातला वापर असे दोन भाग दिसतील. प्रत्येक भागात एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप असे स्विच, आणि बहुतेकांसमोर रोजच्या मर्यादेचा आकडा. भारताच्या भागात दुकानातल्या मशीनची मर्यादा वाढवा. एकाच दिवशी किराणा आणि फ्रिज दोन्ही असतील तर निदान ₹५२,७०० लागतात, म्हणून ₹६०,००० ठेवा. बँकेने ठरवलेल्या कमाल आकड्याच्या वर ॲप जाऊ देत नाही. तो कमाल आकडाच ₹५०,००० असेल तर कार्डाचा प्रकार बदलून घ्यावा लागेल. तोवर सोपा मार्ग म्हणजे फ्रिजच्या दिवशी दुसरी खरेदी या कार्डाने करू नका. बहुतेक बँकांत मर्यादा मध्यरात्रीनंतर नव्याने मोजली जाते. ॲप वापरत नसाल तर हेच बदल इंटरनेट बँकिंग, एटीएम किंवा बँकेच्या फोन सेवेवरूनही करता यायला हवेत. ही सोय चोवीस तास देण्याचं बंधन बँकांवर आहे, आणि प्रत्येक बदलाचा संदेश तुमच्या मोबाइलवर आला पाहिजे.

ऑनलाइनचा स्विच फ्रिजसाठी सुरू करायची गरज नाही. दुकानात जाऊन कार्ड घालून पिन टाकणार असाल तर तो बंदच राहू द्या. ऑनलाइन खरेदी अधूनमधून करत असाल तर त्या वेळी सुरू करा, छोटी मर्यादा ठेवा आणि काम झाल्यावर बंद करा. परदेशातला भाग मात्र प्रवास ठरेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, यात माझं मत ठाम आहे. परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपी न विचारताच व्यवहार होऊ शकतो, आणि चोरलेल्या नंबरांचा वापर तिथेच होतो.

सगळं करून पुन्हा दुकानात गेल्यावर मशीनने तरी नाही म्हटलं, तर चिठ्ठीवरचा आकडा बघा. 91 असेल तर तुमच्या बँकेची यंत्रणा त्या क्षणी उत्तर देत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी पाहा. 58 असेल तर त्या मशीनला तो व्यवहार करायची परवानगी नाही, दोष दुकानदाराकडचा, त्यांच्याकडचं दुसऱ्या बँकेचं मशीन मागा. दुकानदाराने चुकून हप्त्याचा पर्याय निवडला तरी नकार येतो, कारण डेबिट कार्डावर हप्ते फक्त बँकेने आधी पात्र ठरवलेल्यांनाच मिळतात. बिल करताना ‘पूर्ण रक्कम’ असं स्पष्ट सांगा. 51 आला आणि तुमच्या मते पैसे आहेत, तर ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक वेगवेगळी पाहा. आयपीओसाठी अर्ज केला असेल तर तेवढी रक्कम खात्यात दिसते पण हात लावता येत नाही. 05 आला तर बँक कारण सांगत नाही, थेट बँकेलाच विचारावं लागतं. तेव्हा नंबर कार्डाच्या मागे छापलेला वापरा. नेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर कार्ड सुरू करून देतो म्हणत ओटीपी मागणारे बसलेले असतात. कार्ड अडकलेला माणूस घाईत असतो, आणि ते त्याचीच वाट पाहतात. खरी बँक पिन किंवा ओटीपी कधीच विचारत नाही.

पैसे कापले आणि दुकानदाराला मिळाल्याचं मशीनने दाखवलं नाही, अशी वेळ आली तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला ₹१०० भरपाई, न मागता, खात्यात टाकायची असते. तक्रार करताना तारीख, रक्कम आणि चिठ्ठीवरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक द्या. तो RRN या अक्षरांपुढे छापलेला असतो आणि त्यावरून बँकेला तो व्यवहार नेमका सापडतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

फ्रिज आजच हवा असेल तर यूपीआयने द्या. त्याची मर्यादा कार्डापासून वेगळी मोजली जाते आणि दुकानातल्या पेमेंटला सहसा दिवसाला एक लाखापर्यंत चालतं. फक्त कार्डावर मिळणारी सवलत त्या बिलात लागू असेल तर ती जाईल, म्हणून आधी दुकानदाराला विचारा.